मीटिंगमध्ये माझं काम त्याच्या नावावर गेलं, तेव्हा मी लिहिलेला ईमेल

आजचा एपिसोड एका ईमेलबद्दल आहे. मी लिहिलेल्या, जेमतेम दीडशे शब्दांच्या. तो लिहायला मला एक अख्खी रात्र आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ लागली. गेल्या महिन्यात दोन-तीन जणांनी व्हॉइस नोट पाठवून जवळपास एकच प्रश्न विचारला होता: सहकाऱ्याने आपलं काम मीटिंगमध्ये स्वतःचं म्हणून सांगितलं तर त्याला काय लिहायचं? मी तज्ज्ञ वगैरे नाही, पण माझ्याबरोबर हे घडलंय, त्यामुळे घडलं तसं सांगते. कंपनीचं नाव घेणार नाही, त्या माणसाचंही घेणार नाही. एपिसोडपुरतं आपण त्याला ‘मित्र’ म्हणू. तसा तो होताही, आणि आजही बऱ्यापैकी आहे.

आधी काम काय होतं ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे रोज रात्री एक सेटलमेंट जॉब चालतो. दिवसभरात दुकानदारांच्या खात्यात जमा व्हायचे पैसे आणि बँकेकडून आलेली फाइल यांचा मेळ घालायचा, एवढंच त्याचं काम. पण तो ३ तास ४० मिनिटं चालायचा, आणि कधीकधी मध्येच पडायचा. मग सपोर्टची माणसं सकाळी नऊ वाजता येऊन बसायची आणि रिपोर्टच नसायचा. मी जानेवारी-फेब्रुवारीत जवळपास सहा आठवडे त्यावर बसले. कारण अगदी साधं निघालं. कोड प्रत्येक व्यवहारासाठी डेटाबेसकडे वेगळी फेरी मारत होता. किराणा दुकानातून दहा वस्तू आणायच्या तर दहा वेळा जाऊन यायचं, तसं. मी ते ५,००० च्या गठ्ठ्यांमध्ये आणायला लावलं, एक इंडेक्स घातला, आणि जॉब ३५ मिनिटांवर आला. ऐकायला सोपं वाटतं. पण कारण सापडेपर्यंत चार आठवडे गेले होते, आणि त्यातले दोन मी चुकीच्या ठिकाणी शोधत होते.

मग मार्चमधला एक गुरुवार. महिन्याची रिव्ह्यू मीटिंग, कॉलवर बावीस जण, त्यात आमच्या मॅनेजरचे मॅनेजर. मित्र आमच्या टीमच्या वतीने बोलणार होता, ते आधीच ठरलेलं होतं. तो माझ्याहून दोन वर्षांनी सिनियर आहे आणि बोलतो चांगलं. सेटलमेंटची स्लाइड आली आणि तो इंग्रजीत म्हणाला, मी हा जॉब तपासायला घेतला, मला असं दिसलं की क्वेरीज एकेक करून जात आहेत, मग मी त्या बदलल्या. ग्राफ माझा, शब्दही जवळपास माझेच, आणि ‘मी’ मात्र त्याचा. वरच्या साहेबांनी त्याचं नाव घेऊन कौतुक केलं. तो ‘थँक यू’ म्हणाला आणि स्लाइड पुढे गेली.

मी म्यूटवर होते. तिथेच का नाही बोललीस, असं नंतर सगळ्यांनी विचारलं. खरं सांगू? सुचलंच नाही. सुचेपर्यंत ते तीन स्लाइड पुढे गेले होते.

संध्याकाळी घरी फोन झाला तर आई म्हणाली, “जाऊ दे गं, काम कुणाचं आहे ते कळतंच लोकांना.” मला त्या क्षणी स्पष्ट दिसत होतं की बावीस लोकांना ते कळलेलं नाही. रूममेटचा सल्ला बरोबर उलटा: “आत्ता मेल टाक, एचआरला सीसी कर, आणि सगळे स्क्रीनशॉट पर्सनल जीमेलवर पाठवून ठेव.” यातली शेवटची गोष्ट कृपया करू नका. मीटिंगचं रेकॉर्डिंग, कोड, अंतर्गत ग्राफ हे कंपनीबाहेर पाठवणं बहुतेक ठिकाणी नियमाविरुद्ध असतं. म्हणजे तुमचं म्हणणं खरं असूनही चौकशी तुमचीच सुरू व्हायची.

रात्री पावणेबाराला मी पहिला मसुदा लिहिला. तो माझ्या नोट्समध्ये अजून आहे. त्यातली काही वाक्यं मराठीत सांगते: ‘आज तू जे केलंस ते बघून मला धक्का बसला. सहा आठवडे मी राबले आणि क्रेडिट तू घेतलंस. कामाची हिस्टरी उघडून बघितली तर कुणालाही कळेल की हे कुणी केलंय. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.’ लिहून फार बरं वाटलं. आणि एक गोष्ट नशिबाने केली होती: ‘टू’चा रकाना रिकामा ठेवला होता. रागात लिहायचं असेल तर लिहा, पण मेलच्या खिडकीत नको, नोट्समध्ये. मेलमध्येच लिहिणार असाल तर पत्ता सगळ्यात शेवटी टाका. दोन अक्षरं टाइप केली की मेल आपणहून नाव पुढे करतो, आणि पावणेबाराला बोट कुठे पडेल सांगता येत नाही.

सकाळी वाचलं तेव्हा त्या मसुद्यात मला दोन मोठ्या अडचणी दिसल्या. पहिली म्हणजे मला नेमकं काय हवंय, ते त्यात कुठेच नव्हतं. समजा त्याने वाचला आणि त्याला वाईट वाटलं. पुढे? त्याने ‘सॉरी यार’ असा रिप्लाय केला असता तर मला ‘ठीक आहे’ म्हणावं लागलं असतं. बाकीचे वीसजण आहेत तिथेच राहिले असते. माझं नुकसान त्याच्या मनात झालं नव्हतं, त्या वीस जणांच्या डोक्यात झालं होतं. दुसरी अडचण अशी की त्यातलं निम्मं मी गृहीत धरलेलं होतं. मग मी आधी तपासायचं ठरवलं, आणि ते तपासणं जरा जड गेलं.

कॉलचं रेकॉर्डिंग होतं. मी तो सहा मिनिटांचा भाग दोनदा ऐकला. तो दोन वेळा ‘आम्ही’ म्हणाला होता आणि चार वेळा ‘मी’. माझ्या आठवणीत सगळेच ‘मी’ होते. नंतर स्लाइड उघडली. ती मीच त्याला आधीच्या सोमवारी पाठवली होती, “हे ग्राफ घे, वापर” असं लिहून. स्लाइडवर कुणाचंच नाव नव्हतं. म्हणजे माझंसुद्धा मी घातलं नव्हतं. आणि मग त्या फोल्डरमध्ये कुणी किती बदल केलेत ते काढलं:

```
git shortlog -sn HEAD -- jobs/settlement/
```

आधीच्या वर्षांतली जुनी नावं सोडली, तर माझे १४ होते आणि मित्राचे ३. हे तीन मी विसरूनच गेले होते. जॉब मध्येच पडला तर तो आपोआप परत सुरू व्हावा, ही सोय त्याने केली होती, आणि रात्री जॉब पडायचा थांबला तो त्यामुळेच. (या कमांडच्या आकड्यांवर फार विसंबू नका. कुणी एका कमिटमध्ये आठवड्याचं काम टाकतं, कुणी स्पेलिंग सुधारायलाही कमिट करतं. कोण कुठे होतं एवढंच त्यातून कळतं.)

तर आता चित्र असं होतं: मुख्य काम माझं, एक खरा तुकडा त्याचा, निनावी स्लाइड माझी, आणि चार ‘मी’ त्याचे. माझा राग बऱ्यापैकी टिकून होता, पण त्याचा आकार बदलला. रात्रीचा मेल मी तसाच पाठवला असता, तर त्याने फक्त ते तीन कमिट दाखवले असते आणि खोटी मी ठरले असते.

मेलच का, थेट बोलायचं ना? बरोबर आहे, एकाच मजल्यावर बसत असतो तर मी त्याला चहाला नेलं असतं. पण तो नागपूरहून काम करतो. आणि मला एक नेमकं वाक्य दुरुस्त करून हवं होतं, ते बोलण्यात निसटतं. चॅटवर लिहिलं असतं तर पहिल्या ओळीलाच त्याचं उत्तर आलं असतं आणि पुढचं सगळं भांडण टाइप करत बसलो असतो. मेल माणूस निदान शेवटपर्यंत वाचतो.

वेळेचाही एक मुद्दा होता. आमच्याकडे रिव्ह्यूचे मिनिट्स प्रोग्रॅम मॅनेजर सोमवारी दुपारी पाठवते. त्यात एकदा कुणाच्या नावापुढे काम लिहिलं गेलं की ते तिथून तिमाही रिपोर्टमध्ये जातं, तिथून अप्रेझलमध्ये. म्हणजे माझ्याकडे शुक्रवार होता आणि सोमवारची सकाळ. तुमच्याकडे असा कागद कुठला आहे ते आधी बघा. मिनिट्स असतील, क्लायंटचा न्यूजलेटर असेल, स्प्रिंटचा रिपोर्ट असेल. राग निवायला रात्र द्या, पण तो कागद निघायच्या आत मेल गेला पाहिजे. तीन आठवड्यांनी गेलेला मेल, कितीही गोड असला तरी, जुनं उकरून काढल्यासारखाच वाटतो.

आता तो मेल. मूळ इंग्रजीत होता. आम्ही एरवी मराठीतच बोलतो, पण मॅनेजर चेन्नईचे आहेत, आणि हा मेल कधी ना कधी त्यांच्यासमोर जाऊ शकतो हे धरूनच मी लिहीत होते. इथे मराठीत वाचते.

“विषय: कालच्या रिव्ह्यूमधला सेटलमेंट जॉबचा भाग

हाय,

कालच्या रिव्ह्यूमधल्या सेटलमेंट जॉबबद्दल लिहिते आहे. तो भाग सांगताना ‘मी कारण शोधलं’ आणि ‘मी क्वेरीज बदलल्या’ असं तू म्हणालास. कारण शोधणं, क्वेरीज आणि इंडेक्स हे काम मी जानेवारी-फेब्रुवारीत केलं. पडलेला जॉब आपोआप परत सुरू होण्याची सोय तू केलीस, आणि रात्रीचे फेल्युअर त्यामुळे थांबले.

स्लाइडवर नावं नव्हती, आणि ती मीच तशी पाठवली होती. त्यामुळेही घोळ झाला असेल. पण ऐकणाऱ्यांचा समज असा झाला की सगळं काम तुझं आहे, आणि तो दुरुस्त व्हावा असं मला वाटतं.

सोमवारी मिनिट्स निघण्याआधी रिव्ह्यूच्याच थ्रेडवर तू एक ओळ टाकशील का? हवं तर हीच वापर: ‘एक छोटी दुरुस्ती: सेटलमेंट जॉबमधलं कारण शोधण्याचं आणि क्वेरीजचं काम तिने केलं आहे, रीस्टार्टचा भाग माझा आहे.’ ‘तिने’च्या जागी माझं नाव.

माझ्याकडून काही सुटलं असेल तर सांग. आज चारनंतर मी फोनवर आहे.”

एवढाच. आता यातल्या ज्या दोन-तीन जागांवर मी खरोखर अडले, त्या सांगते.

‘तू म्हणालास’ इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. आधी मी ‘असं सांगितलं गेलं’ असं लिहिलं होतं, फार सभ्य वाटतं म्हणून. पण ते वाचताना असं वाटत होतं की वाक्य आकाशातून पडलं. कुणी सांगितलं, हे तर आम्हा दोघांनाही माहीत आहे. मग ते लपवण्यात एक प्रकारचा टोमणाच येतो. शेवटी मी असं ठरवलं: जे रेकॉर्डिंगवर ऐकू येतं ते ‘तू’ लावून सरळ लिहायचं. जे त्याच्या मनात होतं असं मला वाटतं, ते लिहायचंच नाही. ‘म्हणालास’ रेकॉर्डिंगवर आहे. ‘क्रेडिट घेतलंस’, ‘मुद्दाम’, ‘लपवलंस’ हे रेकॉर्डिंगवर नाही. क्रेडिट हा शब्दच मी अख्ख्या मेलमध्ये येऊ दिला नाही. तो आला की समोरचा कामाबद्दल बोलायचं सोडून स्वतःच्या चारित्र्याबद्दल बोलायला लागतो.

‘त्यामुळेही घोळ झाला असेल’ ही ओळ माझ्या रूममेटला अजिबात आवडली नाही. तू त्याला पळवाट देतेयस, म्हणाली. हो, देत होते. मला त्याच्याकडून कबुली नको होती, थ्रेडवर एक ओळ हवी होती. आणि माणूस अशी ओळ तेव्हाच टाकतो, जेव्हा ती टाकल्यावर तो चोर दिसत नाही. शिवाय स्लाइडचं खरंच माझ्याकडून झालं होतं. ते मी आधीच लिहिलं नसतं, तर त्याच्या उत्तराचं पहिलं वाक्य तेच असतं. मात्र ‘-ही’ कडे लक्ष द्या. ‘त्यामुळे घोळ झाला’ म्हटलं असतं तर सगळी चूक माझी झाली असती. आणि ‘पण’नंतर काय झालं आणि मला काय हवंय, ते लगेच, काही न लपवता लिहिलंय. ‘मला जरा वाईट वाटलं’ असं लिहून मी ते पुसलं होतं, कारण वाईट वाटण्यावर माणूस सांत्वन करतो, दुरुस्ती करत नाही.

आणि ती तयार ओळ. हा मेलचा सगळ्यात उपयोगी भाग आहे असं मला आजही वाटतं. ‘तू सगळ्यांना खरं सांग’ असं लिहिलं असतं, तर त्याला बसून ठरवावं लागलं असतं की किती सांगू, कसं सांगू, माझी किती शोभा होईल. असं ठरवायला बसलेला माणूस ते सोमवारपर्यंत ढकलतो आणि मग विसरतो. ओळ तयार असली की कॉपी-पेस्टचंच काम उरतं. त्या ओळीत त्याचाही वाटा आहे, तो मी दया म्हणून घातलेला नाही. तो खराच आहे, आणि त्यामुळे ती ओळ टाकताना तो पूर्ण रिकाम्या हाताने उभा राहत नाही.

सुरुवातीला मी ‘प्रेझेंटेशन छान झालं’ असं एक वाक्यही घातलं होतं. काढून टाकलं. वाचणाऱ्याला लगेच कळतं की हे पुढच्या कडू गोळीवरचं साखरेचं आवरण आहे, आणि मग तुमच्या पुढच्या खऱ्या वाक्यावरही त्याचा विश्वास बसत नाही.

सीसीमध्ये कुणी नाही. बीसीसीमध्ये तर अजिबात नाही. बीसीसीमधल्या माणसाने चुकून ‘रिप्लाय ऑल’ दाबलं की आपण लपून कुणाला दाखवत होतो ते उघडं पडतं, आणि मग विषय तुमच्या कामाचा राहत नाही. पहिल्याच मेलवर मॅनेजर सीसीत असतील, तर मित्र उत्तर मला देणारच नाही, त्यांना देईल. त्याला चुपचाप सुधारायची एक संधी मला द्यायची होती. ती त्याने घालवली असती, तर सोमवारी सकाळी अकरा वाजता मी प्रोग्रॅम मॅनेजरला स्वतः दोन ओळी लिहिणार होते, त्याही मी तयार ठेवल्या होत्या: मिनिट्समध्ये सेटलमेंटच्या मुद्द्यापुढे दोघांची नावं अशी घालावीत, सोबत डिझाइन डॉक्युमेंटची लिंक. तक्रार नाही, फक्त नोंदीतली दुरुस्ती.

मेल शुक्रवारी सकाळी अकराला गेला. दुपारपर्यंत काही नाही. मी किती वेळा इनबॉक्स उघडला ते विचारू नका. साडेचारला त्याचा फोन आला. “अगं, मी टीमच्या वतीनेच बोलत होतो. आपण सगळे एकच टीम ना? तू एवढं मनावर घेशील असं वाटलं नाही.” आता मराठीतलं हे ‘आपण’ फार गोड असतं, समोरच्याला अलगद आत ओढून घेतं. माझ्या तोंडावर आलं होतं, की आपण एक टीम आहोत तर चार वेळा ‘मी’ कसा आला? पण तो वाद मी जिंकले असते तरी माझी ओळ थ्रेडवर आली नसती. मी म्हटलं, “हो रे, बोलताना होतं तसं. ती ओळ सोमवारच्या आधी टाकशील ना?” तो जरा थांबला आणि म्हणाला, “टाकतो.” दीड मिनिटाचा फोन.

शनिवार-रविवार काही आलं नाही. सोमवारी सकाळी साडेनऊला थ्रेडवर त्याची ओळ आली. माझी नव्हती, त्याने बदललेली होती: ‘सेटलमेंटचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं होतं, हे सांगायचं राहिलं.’ आणि माझं नाव.

म्हणजे अर्धं मिळालं. आता पुन्हा त्याला ‘अशी नाही, तशी लिही’ म्हणून मेल करायचा का? मला ते चिवटपणाचं वाटलं, आणि सगळ्यांसमोर तर शोभलंच नसतं. मग मी त्याच थ्रेडवर सगळ्यांना उत्तर दिलं: ‘धन्यवाद. क्वेरीज आणि इंडेक्सबद्दल कुणाला काही विचारायचं असेल तर मला विचारा, डिझाइन डॉक्युमेंट इथे आहे. रीस्टार्टबद्दल तो सांगेल.’ काम कुणाचं यावर एक शब्द नाही, प्रश्न कुणाला विचारायचे एवढंच. वीस मिनिटांत दुसऱ्या टीममधल्या एकाने मला विचारलं की गठ्ठा ५,००० चाच का ठेवला. मी उत्तर दिलं: १०,००० ला मेमरी भरत होती, १,००० ला वेळ जरा जास्त लागत होता. तो प्रश्न आणि ते उत्तर सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये गेलं. मित्राच्या ओळीपेक्षा ते जास्त बोललं असावं. दुपारच्या मिनिट्समध्ये दोघांची नावं होती, कामं वेगवेगळी लिहून.

मॅनेजरना मी नंतरच्या आमच्या नेहमीच्या वन-ऑन-वनमध्ये सांगितलं, कामाबद्दल बोलता बोलता. तक्रार म्हणून नाही. ते म्हणाले, “मला वाटलं होतं ते त्याचंच आहे.” थोडं दुखलं. सहा आठवडे दर सोमवारी मी स्टेटसमध्ये ‘सेटलमेंट जॉबवर काम सुरू’ एवढंच लिहीत होते. काय सापडलं, काय चुकलं, काय बदललं, यातलं काही नाही. त्यांना कळणार कुठून?

हा मेल सगळीकडे चालेल असं मात्र समजू नका. क्लायंटसमोरच्या मीटिंगमध्ये एकजण कंपनीच्या वतीने बोलतो आणि नावं येतच नाहीत, तिथे असा मेल लिहिणं चमत्कारिक दिसेल. लीडने ‘आम्ही’ म्हणून टीमचं काम सांगितलं, तर ते त्याचं कामच आहे. तिथे फार तर पुढच्या वेळी नावं घ्या एवढं म्हणता येईल. आणि काम घेणारा माणूस तुमचा स्वतःचा मॅनेजर असेल, किंवा हे तिसऱ्यांदा होत असेल, तर ‘बोलताना झालं असेल’ हे वाक्य तुमच्याच विरुद्ध जातं. मग तारखा आणि लिंक लिहून ठेवा, तुमच्यावर विश्वास असलेल्या वरच्या माणसाशी बोला. तो पूर्ण वेगळा विषय आहे. माझा हा मेल पहिल्या वेळेसाठी होता, जवळपास बरोबरीच्या माणसाला, ज्याच्याबरोबर मला पुढेही रोज काम करायचं होतं.

मित्र तीन आठवडे जरा तुटक वागला. चॅटवर नुसतं ‘ओके’. मग एका रात्री दीड वाजता जॉब पडला, आम्ही दोघेही ऑनलाइन आलो, पावणेतीनपर्यंत तो चालू केला, आणि त्यानंतर बोलणं आपोआप पूर्ववत झालं. त्या गुरुवारचा विषय आमच्यात परत निघाला नाही. मी आता कुणालाही ग्राफ पाठवला तर खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात काम कुणाचं आणि कुठल्या महिन्यातलं ते लिहून पाठवते. गेल्या रिव्ह्यूला त्याने केलेल्या स्लाइडवरही कोपऱ्यात तशीच ओळ होती. दोन नावं होती. पहिलं त्याचं होतं, आणि यावेळी काम खरंच मुख्यतः त्याचं होतं.